खुलानाम्यावर सही करण्याआधी पीएफचं पासबुक पाहा

दोन वर्षांपूर्वी आमच्या खालेच्या घरी एक बैठक झाली. आपाचा, म्हणजे खालेच्या मोठ्या मुलीचा, खुला ठरत होता. निकाह 2014 चा, मुलं दोन. दोन्हीकडचे बुजुर्ग बसले होते आणि एका वहीच्या कागदावर मसुदा तयार होता. आपा मेहर सोडणार, मुलांचा खर्च दुलाभाई देणार, आणि शेवटी एक ओळ होती: 'यापुढे दोघांचं एकमेकांकडे कसलंही येणं-जाणं राहिलेलं नाही.' त्या ओळीवर कुणीच काही बोललं नाही. मीही बोललो नसतो, पण दुलाभाईही माझ्याच क्षेत्रातले, सॉफ्टवेअरमधले. मी विचारलं, "पीएफ किती आहे?"

खोलीत शांतता. मग मामू म्हणाले, "अरे बेटा, ते तर त्याच्या म्हातारपणाचे पैसे. त्याचा इथे काय संबंध?"

संबंध आहे, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण आपल्या पिढीतल्या पगारदार घरात घरानंतरची सर्वांत मोठी शिल्लक बहुतेक वेळा हीच असते. आपाचाही पीएफ होता. निकाहआधी तिने तीन वर्षं नोकरी केली होती. पहिल्या बाळंतपणानंतर नोकरी सोडली, पीएफचे एक लाख ऐंशी हजार काढले आणि ते फ्लॅटच्या पहिल्या हप्त्यात गेले. फ्लॅट दुलाभाईंच्या नावावर. म्हणजे तिच्या म्हातारपणाचे पैसे घरात जिरले आणि त्यांचे खात्यात वाढत राहिले. ते वाढू शकले कारण घर आणि मुलं ती सांभाळत होती. हे त्या कागदावर कुठेच नव्हतं.

आता कायदा. आपल्याकडे नवरा-बायकोची मालमत्ता आपोआप सामायिक होत नाही. अमेरिकेत निवृत्तीच्या 401(के) खात्याची वाटणी न्यायालयाच्या एका खास आदेशाने थेट करता येते. ईपीएफमध्ये तसा मार्ग नाही. उलट भविष्य निर्वाह निधीच्या कायद्याप्रमाणे सभासदाच्या देण्यापोटी खात्यातल्या रकमेवर जप्ती येत नाही आणि ती दुसऱ्याच्या नावे करूनही देता येत नाही. म्हणून 'मला त्याच्या पीएफमधला अर्धा हिस्सा द्या' अशी मागणी केली तर ती तिथेच अडते. वकीलही बऱ्याचदा इथेच थांबतात.

पण खात्याला हात लावता येत नाही म्हणजे खातं मोजायचंच नाही, असं नाही. घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांसाठीच्या 1986 च्या कायद्याचं कलम 3 म्हणतं की तिला 'वाजवी आणि न्याय्य तरतूद' मिळाली पाहिजे. ती ठरवताना तिच्या गरजा, संसारात असतानाचं राहणीमान आणि नवऱ्याची ऐपत पाहायची असते. 2001 मध्ये डॅनियल लतिफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ही तरतूद इद्दतीपुरती नाही. ती तिच्या पुढच्या आयुष्याचा विचार करून करायची, फक्त द्यायची इद्दतीच्या आत. खुला घेतलेली स्त्रीही या कायद्याच्या व्याख्येत येते, हे आमच्या बैठकीत कुणालाच माहीत नव्हतं. पीएफ हा ऐपतीचा भाग आहे. रक्कम पीएफमधून मागायची नाही, पीएफ पाहून ठरवायची, आणि ती बँकेतल्या ठेवीतून, पगारातून, जिथून शक्य असेल तिथून द्यायची.

दुलाभाई नेक माणूस. त्यांनी तिथेच मोबाइलवर पासबुक उघडलं. शिल्लक चोवीस लाख. हे सगळे संसारातले नव्हते. निकाहच्या महिन्यात खात्यात दोन लाख होते. दहा वर्षांत व्याजाचा दर साधारण साडेआठ टक्क्यांच्या आसपास राहिला, त्या हिशेबाने त्या दोन लाखांचे आज साडेचार लाख होतात. ते बाजूला ठेवले. उरले साडेएकोणीस लाख, संसाराच्या दहा वर्षांत जमलेले. याचा अमुक टक्के हिस्सा तिचा, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. पण आकडा समोर आल्यावर बोलण्याची तऱ्हा बदलली. मामूंनीच विचारलं, "मग हिच्याकडे काय उरतं?"

सगळ्याच बैठकींत पासबुक इतक्या सहज उघडत नाही. तेव्हा पगाराची पावती पाहावी. पीएफची कपात साधारणपणे मूळ पगाराच्या 12 टक्के असते, त्यावरून अंदाज बांधता येतो. पावतीवर 'व्हीपीएफ' अशी वेगळी ओळ असेल तर ती स्वेच्छेची बचत. सक्तीची पीएफ कपात उत्पन्नातून वजा धरावी असं सर्वोच्च न्यायालयाने 1970 मध्येच म्हटलं आहे. पण भांडण सुरू झाल्यावर कुणी व्हीपीएफ वाढवून हातात येणारा पगार कमी दाखवत असेल, तर ते मॅजिस्ट्रेटच्या नजरेला आणून द्यायला हवं. आणखी एक गोष्ट आम्हा नोकऱ्या बदलणाऱ्यांची. यूएएन एकच असला तरी प्रत्येक कंपनीचा मेंबर आयडी वेगळा आणि त्याचं पासबुकही वेगळं. कुणी फक्त शेवटचं पान दाखवलं, तर जुन्या कंपनीचे पैसे त्यात वर्ग झाल्याची नोंद आहे का, मधल्या काळात रक्कम काढलेली आहे का, हे बघा. प्रकरण पोटगीसाठी कोर्टात गेलं तर रजनेश विरुद्ध नेहा या 2020 च्या निकालानुसार दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तिथे लपवलेलं खातं पुढे फार महागात पडतं.

आमच्याकडे ठरलं ते असं: तिचे एक लाख ऐंशी हजार परत, आणि तरतूद म्हणून नऊ लाख. त्यातले सहा लाख मुदत ठेव मोडून इद्दतीच्या तीन महिन्यांत, उरलेले तीन लाख सहा चेकने. मुलांचा खर्च वेगळा. 'येणं-जाणं नाही' ही ओळ काढली आणि तिच्या जागी रकमा आणि तारखा लिहिल्या. नऊ लाख कमी आहेत, असं मला आजही वाटतं. मी तेव्हा बारा म्हणालो होतो. पण मेहर तिने सोडलीच. तो तिचा निर्णय होता.

एक गोष्ट मात्र बैठकीनंतर सुचली: वारस म्हणून नोंदवलेली नावं. तलाक किंवा खुला झाल्यावर ईपीएफमधलं नॉमिनेशन आपोआप बदलत नाही, ते सभासदाने यूएएन पोर्टलवर स्वतः बदलावं लागतं. घटस्फोटित पत्नी योजनेच्या व्याख्येतल्या 'कुटुंबा'त राहत नाही, विधवेची पेन्शनही तिला मिळत नाही. मुलं मात्र कुटुंबातच राहतात. जुनंच नाव राहिलं तर उद्या काही झाल्यावर आजी-आजोबा, नवी पत्नी आणि मुलं कार्यालयाच्या दारात एकमेकांसमोर उभी राहतात. दुलाभाईंनी दोन्ही मुलांची नावं घातली. मुलं लहान असल्याने पालक म्हणून कोणाचं नाव द्यायचं यावर अर्धा तास वाद झाला आणि शेवटी आपाचं नाव लिहिलं गेलं.

आपा गेल्या वर्षी एका शाळेच्या कार्यालयात नोकरीला लागली. जुना यूएएन तिने पुन्हा चालू करून घेतला. लॉगिन केल्यावर कळलं की तिच्या खात्यात नॉमिनी म्हणून अजून दुलाभाईच होते.