राजीनामा दिला, मग ‘ईसॉप’चे काय? खरा पेच नव्वद दिवसांचा

परभणी, जिंतूर, सेलूकडची कितीतरी मुले आज पुण्यात हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत आहेत. स्टार्टअपमध्ये नोकरी लागली की पगारासोबत ‘ईसॉप’चे पत्रही हातात पडते. घरी फोनवर सांगताना आपण म्हणतो, ‘कंपनीचे शेअर मिळाले.’ इथेच पहिली चूक होते. मिळालेला असतो तो ठरलेल्या भावात शेअर घेण्याचा हक्क, आणि तोही हप्त्याहप्त्याने पक्का होतो. हक्क पक्का होण्याला ‘व्हेस्टिंग’ म्हणतात.

कायदा काय सांगतो?

शेअर बाजारात नोंदणी नसलेल्या कंपन्यांना २०१४च्या कंपनी नियमांतील नियम १२ लागू होतो, तर नोंदणीकृत कंपन्यांना ‘सेबी’चे २०२१चे नियम. दोन्हींत ऑप्शन दिल्यापासून व्हेस्टिंगपर्यंत किमान एक वर्ष जावे लागते. राजीनामा दिला किंवा कंपनीने काढले, तर पक्के न झालेले ऑप्शन रद्द होतात. पक्के झालेले वापरता येतात, पण योजनेत लिहिलेल्या मुदतीत आणि अटींवर. ही मुदत किती असावी, हे नियम १२ सांगत नाही. ते कंपनीवर सोडले आहे.

एक हिशेब करून पाहू

समजा, १ जुलै २०२२ रोजी तुम्हाला ४,८०० ऑप्शन मिळाले. मुदत चार वर्षांची. पहिले वर्ष पूर्ण झाल्यावर १,२०० पक्के, पुढे दर महिन्याच्या १ तारखेला १००. तुम्ही ५ फेब्रुवारी २०२५ला राजीनामा दिला आणि दोन महिन्यांच्या नोटिसीनंतर ५ एप्रिल हा शेवटचा दिवस ठरला.

राजीनाम्याच्या दिवशी ३,१०० ऑप्शन पक्के आहेत. शेवटच्या दिवशी ३,३००. यातली कोणती तारीख धरायची, हे योजनेतल्या व्याख्येवर ठरते. काही योजना नोटीस काळात व्हेस्टिंग थांबवतात. आपण ३,३०० धरू. उरलेले १,५०० गेले.

आता घड्याळ सुरू होते. अनेक योजनांत शेवटच्या दिवसापासून ९० दिवस मिळतात, म्हणजे ४ जुलैपर्यंत. ठरलेला भाव ५० रुपये असेल तर १ लाख ६५ हजार भरावे लागतील. शेअरचे मूल्य ३०० रुपये काढले असेल, तर मधला २५० रुपयांचा फरक पगारासारखे उत्पन्न मानला जातो. ते ८ लाख २५ हजार होते. ३० टक्के दर आणि उपकर धरून कर सुमारे २ लाख ५७ हजार. एकूण ४ लाख २२ हजार रुपये तीन महिन्यांत उभे करायचे, तेही बाजारात विकता न येणाऱ्या शेअरसाठी. जमले नाही तर पक्के झालेलेही बुडाले.

काही पात्र स्टार्टअपमध्ये हा कर पुढे ढकलता येतो. पण नोकरी सोडली की ती सवलत संपते.

काढून टाकले तर?

कर्मचारीकपात झाली तर बहुतेक योजना राजीनाम्यासारखाच नियम लावतात. गैरवर्तनाचा ठपका ठेवून काढले, तर पक्के झालेले पण न वापरलेले ऑप्शनही बहुधा रद्द होतात. म्हणून योजनेत ‘कॉज’ या शब्दाची व्याख्या वाचा. चोरी, फसवणूक, गोपनीयतेचा भंग इथपर्यंत ती थांबते, की ‘कंपनीच्या मते असमाधानकारक काम’ही त्यात बसते? दुसरी व्याख्या असेल तर तुमचे पक्के ऑप्शन वरिष्ठांच्या मर्जीवर आहेत.

कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला तर मात्र नियम उलटा आहे. पक्के न झालेले ऑप्शनही त्याच दिवशी पक्के होऊन वारसांकडे जातात. घरच्यांना हे माहीत असायला हवे.

आमचे मत

पक्के झालेले ऑप्शन म्हणजे केलेल्या कामाचा मोबदला. अनेकांनी त्यासाठी कमी पगार स्वीकारलेला असतो. तो मोबदला ९० दिवसांत रोकड उभी न झाल्याने बुडावा, हे न्याय्य नाही. ज्याच्या घरी पैसा आहे तो शेअर घेतो, आणि ज्याच्या पगारातून गावाकडचे कर्ज फिटते तो सोडून देतो. काही कंपन्या ही मुदत अनेक वर्षांची ठेवतात, म्हणजे ते अशक्य नाही. नोंदणी नसलेल्या कंपन्यांसाठी नियमातच किमान मुदत घालायला हवी.

तोवर राजीनाम्याचा ईमेल पाठवण्याआधी ईसॉपच्या पत्रासोबत पूर्ण योजना मागून घ्या. त्यातले नोकरी संपण्याबाबतचे कलम वाचा आणि एचआरकडून तीन गोष्टी लेखी घ्या: व्हेस्टिंग कोणत्या तारखेपर्यंत धरणार, वापरण्याची मुदत कधी संपणार आणि एकूण किती रक्कम भरावी लागणार. एखादा हप्ता आठवड्यावर आला असेल, तर पत्र आठवडाभर थांबवलेले बरे.