रिकाम्या बाकाची किंमत कोणाच्या माथी?

जून महिना उजाडला की मोहोळच्या एस. टी. स्थानकाबाहेर अनगर, कुरुल, पेनूर, शेटफळ अशा गावांतून आलेले पालक हातात गुणपत्रिका घेऊन उभे दिसतात. मुलाला बारावी विज्ञानाच्या आणि सी.ई.टी.च्या शिकवणीवर्गात घालायचे असते. वर्गचालक शुल्काचा एकच आकडा सांगतो. पालक थोडी सवलत मागतो. उत्तर ठरलेले असते : ‘‘एका विद्यार्थ्यामागे आमचा खर्चच तेवढा येतो, कमी केले तर परवडत नाही.’’ पालक निमूटपणे सावकाराकडे किंवा पतसंस्थेकडे वळतो, नाही तर मुलाला घेऊन गावी परततो.

‘एका विद्यार्थ्यामागे येणारा खर्च’ या शब्दप्रयोगाची तपासणी करणे हा या लेखाचा हेतू आहे. हे वाक्य सरसकट खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. ते कधी खरे असते आणि कधी नसते हे पालकांना ठाऊक नसते, आणि त्या अज्ञानावर शिकवणीचा बाजार चालतो, एवढेच आमचे म्हणणे आहे.

मोहोळसारख्या तालुक्याच्या गावी चालू शकेल अशा एका वर्गाचा हिशेब मांडून पाहू. हे आकडे कोणा एका वर्गाच्या चोपडीतून उचललेले नाहीत. मांडणी स्पष्ट व्हावी म्हणून ते गृहीत धरले आहेत. वाचकांनी आपापल्या गावचे आकडे त्या जागी घालून पाहावेत. पदार्थविज्ञान, रसायन आणि गणित असे तीन विषय. तीन शिक्षक, त्यांपैकी एक स्वतः वर्गाचा चालक. प्रत्येकाला दरमहा १६,००० रुपये. नोंदवही व साफसफाई सांभाळणाऱ्या बाईंना ८,००० रुपये. म्हणजे वर्षाचे वेतन ६,७२,००० रुपये झाले. जागेचे भाडे वर्षाला १,२०,००० आणि वीज-पाणी वगैरे ४८,००० धरले तर एकूण ८,४०,००० रुपये होतात. वर्गात एक मुलगा असो वा ऐंशी असोत, हा खर्च चुकत नाही. याला स्थिर खर्च म्हणतात.

दुसरा खर्च मुलांच्या संख्येबरोबर वाढतो. छापील टिपणांचे संच १,००० रुपयांचे, सरावाचे पुस्तक ३५० चे, आणि वर्षभरातील तीस चाचण्यांच्या प्रश्नपत्रिका व उत्तरपत्रिका मिळून ४५० रुपये. असे दर मुलामागे १,८०० रुपये होतात. हा बदलता खर्च.

आता एका मुलामागचा वार्षिक खर्च काढणे सोपे आहे. ८,४०,००० ला मुलांच्या संख्येने भागावे आणि त्यात १,८०० मिळवावेत. चाळीस मुले असतील तर तो २२,८०० रुपये येतो, साठ असतील तर १५,८०० आणि ऐंशी असतील तर १२,३००. तेच शिक्षक, तीच खोली, तेच पुस्तक. तरी ‘एका विद्यार्थ्यामागचा खर्च’ जवळजवळ निम्म्यावर येतो. तेव्हा हा खर्च त्या विद्यार्थ्याच्या अंगाला चिकटलेला नसतो. शेजारच्या बाकावर कोणी बसले आहे की नाही, यावर तो ठरतो.

समजा, शुल्क १६,००० रुपये आहे. त्यातून साहित्याचे १,८०० वजा केले की १४,२०० रुपये स्थिर खर्चाकडे जातात. हा खर्च भरून निघायला साठ मुले लागतात. साठाव्या मुलापर्यंत वर्गचालकाची ओरड खरी आहे. त्याची झोप उडालेली असते हेही आम्ही मान्य करतो. मात्र एकसष्टावा मुलगा आला की चित्र पालटते. त्याच्यामुळे वाढणारा खर्च साहित्यापुरता, म्हणजे १,८०० रुपयांचाच असतो. खोलीत बाक रिकामा आहे, शिक्षक फळ्यापाशी उभा आहे, पंखा फिरतोच आहे. अशा वेळी दारात उभ्या असलेल्या शेतमजुराला ‘खर्च १६,००० आहे’ असे सांगणे म्हणजे साठ जणांनी आधीच भरलेले भाडे आणि वेतन त्याच्याकडून पुन्हा मागणे होय.

यावर वर्गचालक दोन आक्षेप घेतील आणि ते दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप असा की मुले मध्येच वर्ग सोडतात. हे खरे आहे. जूनमध्ये नोंदवहीत साठ नावे असतात. दिवाळीनंतर काही बाके रिकामी होतात. कुठे पीक बुडालेले असते, कुठे घरात आजारपण येते, कुठे मुलीचे लग्न ठरते. समजा, बारा मुलांनी सहा महिन्यांनी वर्ग सोडला. वेतन आणि भाडे कमी होत नाही. टिपणेही जूनमध्येच वाटून झालेली असतात. मात्र वर्षभराच्या मापाने पाहिले तर वर्गात साठ नव्हे, चोपन्नच मुले शिकली. या मुलांचे निम्मे शुल्क परत केले तर ९६,००० रुपये जातात आणि वर्षअखेर ८४,००० रुपयांची तूट येते. परत केले नाही तर १२,००० रुपये शिल्लक राहतात. एक पैसाही परत न करण्याच्या नियमाचे मूळ या दोन आकड्यांच्या फरकात आहे.

पण त्याचा अर्थ काय होतो? जे कुटुंब आधीच कोसळले आहे त्याच्याच पैशातून वर्गाची तूट भरली जाते. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये राज्यांना पाठवलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, विद्यार्थ्याने वर्ग मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाचे शुल्क दहा दिवसांत परत करावे असे म्हटले आहे. हे तत्त्व योग्यच आहे. ते पाळूनही वर्ग टिकावा असे वाटत असेल तर हिशेब जूनच्या नोंदवहीवरून न मांडता प्रत्यक्ष हजर महिन्यांवरून मांडायला हवा. मागील वर्षी साठ नावांतून चोपन्न वर्षांचेच शिक्षण घडले असेल, तर चालू वर्षाचा भागाकार चोपन्नानेच करावा. तसे केल्यावर शुल्क थोडे चढे निघेल, पण ते उघड असेल आणि सर्वांवर सारखे पडेल. गळती पोटात दडवून ठेवायची आणि ती गळणाऱ्याकडूनच वसूल करायची, यापेक्षा ते शतपटीने बरे.

दुसरा आक्षेप जागेचा आणि शिक्षकांच्या शक्तीचा आहे. त्याच मार्गदर्शक तत्त्वांनी दर विद्यार्थ्यामागे किमान एक चौरस मीटर जागा सांगितली आहे. आपली खोली ऐंशी चौरस मीटरची, म्हणजे सुमारे ८६० चौरस फुटांची धरली, तर ऐंशी मुलांपलीकडे दुसरी तुकडी काढावी लागेल. तिच्यासाठी तिन्ही शिक्षकांचे वेतन दीडपट केले तर स्थिर खर्च ११,२८,००० वर जातो. ऐंशीव्या मुलाला १२,३०० असलेली सरासरी एक्याऐंशीव्याला एकदम १५,७०० च्या वर उडी घेते आणि मुले १०८ होईपर्यंत पूर्वपदावर येत नाही. तेव्हा ‘मुले वाढली की खर्च घटतो’ हा नियम खोलीच्या भिंतीपर्यंतच खरा.

व्यवहारात मात्र पुष्कळदा ही उडी दिसतच नाही. दुसरी तुकडी निघते, शिक्षक तेच राहतात आणि वेतनही तेच राहते. आमच्या मते ‘स्थिर वेतन’ या निरुपद्रवी दिसणाऱ्या शब्दांतील खरी मेख येथे आहे. प्रत्येक शिक्षकाकडे वर्षाला दहा चाचण्या आहेत. साठ मुलांच्या सहाशे उत्तरपत्रिका. दर पत्रिकेला दहा मिनिटे धरली तर शंभर तासांचे काम. मुले एकशेवीस झाली की तेच काम दोनशे तासांचे होते आणि शिवाय दुप्पट तास शिकवावे लागते. वेतन स्थिर आहे. श्रम स्थिर नाहीत. कागदाचा प्रत्येक ताव बदलत्या खर्चात मोजला जातो आणि त्याच कागदावर रात्री जागून लाल शाई चालवणाऱ्या पदवीधराचे तास मात्र कोठेच मोजले जात नाहीत. वर्ग स्वस्त पडत असेल तर तो कोणाच्या श्रमावर स्वस्त पडतो, हे विचारल्याशिवाय स्वस्ताईचे कौतुक करण्यात अर्थ नाही.

मग न्याय्य हिशेब कसा असावा? शुल्काचे दोन भाग करावेत. साहित्याचे १,८०० रुपये प्रत्येकाने भरावेत, कारण तो खर्च खरोखरच प्रत्येकाचा आहे. वेतन व भाड्याचा भाग ज्याच्या घरी नोकरी, दुकान वा बागायत आहे त्याने उचलावा. आपल्याच वर्गात साठ मुलांनी प्रत्येकी १४,००० रुपयांचा हा वाटा उचलला तर स्थिर खर्च पुरा होतो आणि त्यांचे एकूण शुल्क १५,८०० होते. उरलेल्या वीस जागांवर भूमिहीनांची आणि ऊसतोड कामगारांची मुले फक्त १,८०० रुपयांत बसू शकतात. या वीस मुलांच्या सहाशे जादा उत्तरपत्रिका तपासण्यासाठी शिक्षकांना पत्रिकेमागे १५ रुपये दिले तर ९,००० रुपये लागतील. साठ जणांवर वाटले तर दीडशेच रुपये. शुल्क झाले १५,९५०, म्हणजे आजच्या १६,००० पेक्षाही कमी. ऐपतदार पालकाला एक रुपयाची तोशीस न लागता वीस मुले शिकली आणि शिक्षकाचे श्रमही मोजले गेले. गळतीसाठी वाटा थोडा वाढवावा लागेल, हे आम्ही लपवीत नाही. पण तोही आकडा सर्वांसमोर असेल.

या व्यवस्थेत एकाच गोष्टीला मुकावे लागते : एकसष्टाव्या मुलापासून ऐंशीव्यापर्यंत प्रत्येकामागे सुटणारे १४,२०० रुपये, म्हणजे वर्षाचे २,८४,०००. चालक शिक्षक म्हणून आपले वेतन घेतोच आहे. ही रक्कम त्याच्या वेतनाबाहेरची आहे. ती रिकाम्या बाकांवर बसलेल्या मुलांकडून येते, त्यांना शिकवण्याच्या खर्चातून नव्हे. तिला नफा म्हणावे, खर्च म्हणू नये, एवढी भाषेची शुद्धता तरी पाळली जावी.

शाळा-महाविद्यालयांत बारावीचे शिक्षण नीट मिळाले असते तर या वर्गांची गरजच पडली नसती, ही आमची मूळ भूमिका कायम आहे. पण ते होईपर्यंत मोहोळच्या पालकांनी हात जोडून सवलत मागणे सोडावे आणि एकत्र येऊन हिशेब मागावा. तीनच प्रश्न पुरेत : वर्षाचे वेतन आणि भाडे मिळून किती, एका मुलाचे साहित्य कितीचे, आणि मागील वर्षी किती मुले किती महिने प्रत्यक्ष वर्गात होती. हे तीन आकडे ज्या वर्गाच्या दारावर लागतील त्याच्याशी शुल्काविषयी बरोबरीच्या नात्याने बोलता येईल. जो ते लावणार नाही, त्याने ‘परवडत नाही’ हे शब्द पुन्हा उच्चारू नयेत.