हप्ता अर्धा करण्याआधी

गृहकर्जाचा हप्ता अर्धा-अर्धा करून दर पंधरवड्याला भरा, लाखोंचं व्याज वाचेल, असा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. व्याज वाचतं हे खरं. पण ते कशामुळे वाचतं, हे समजल्याशिवाय बँकेत जाऊ नका.

समजा 30 लाखांचं कर्ज आहे, दर 8.5 टक्के, मुदत 20 वर्षं. हप्ता बसतो 26,035 रुपये. यातला निम्मा तुम्ही पंधरा दिवस आधी भरलात, तर तेवढ्या रकमेचं पंधरा दिवसांचं व्याज वाचतं, म्हणजे साधारण 46 रुपये. वीस वर्षं नेमाने असं केलंत तरी हाती लागतात जेमतेम काही हजार. नुसता हप्ता तोडून फार काही साधत नाही.

लाखांची बचत होते ती दर 14 दिवसांनी भरल्यामुळे. वर्षाचे आठवडे 52, म्हणजे 26 अर्धे हप्ते, म्हणजे 13 पूर्ण हप्ते. हा तेरावा हप्ता थेट मुद्दलातून वजा होतो. वरचं कर्ज मग सुमारे 16 वर्षं 5 महिन्यांत फिटतं आणि पावणेसात लाखांच्या आसपास व्याज वाचतं.

कॅनडात आणि ऑस्ट्रेलियात बँका स्वतःच ही सोय देतात. तिथे अनेकांचा पगारही पंधरवड्याला होतो. आपल्याकडे खात्यातून हप्ता महिन्यातून एकदाच कापला जातो, आणि बहुतेक बँका ती पद्धत बदलून देत नाहीत. म्हणून कृपा करून ऑटो-डेबिट बंद करून स्वतः अर्धे हप्ते भरायला जाऊ नका. ठरल्या तारखेला पूर्ण रक्कम मिळाली नाही, तर बँकेच्या लेखी हप्ता थकला. दंड लागेल आणि सिबिललाही फटका बसेल.

त्यापेक्षा हप्ता आहे तसा चालू द्या आणि वर्षाकाठी एका हप्त्याएवढी रक्कम वेगळी भरा. बोनस आला की एकदम भरा, नाहीतर दरमहा 2,170 रुपये भरा. यातही सहा लाखांच्या वर वाचतात. भरताना ‘पार्ट प्रीपेमेंट’ असं स्पष्ट सांगा आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा, असं लेखी द्या. नाहीतर काही ठिकाणी ती रक्कम पुढच्या हप्त्याची आगाऊ म्हणून पडून राहते. किमान किती रक्कम चालते, तेही विचारा.

घरासाठी स्वतःच्या नावावर घेतलेलं कर्ज बदलत्या दराचं असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या 2012 पासूनच्या नियमाने बँक अशा प्रीपेमेंटवर शुल्क घेऊ शकत नाही. स्थिर दराच्या कर्जावर मात्र शुल्क असू शकतं, तेव्हा आधी करारपत्र वाचा. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर ती आधी फेडा, तिचं व्याज कितीतरी जास्त असतं.

पैसे भरल्यावर आठवडाभराने कर्जखात्याचा उतारा काढा. शिल्लक मुद्दल भरलेल्या तारखेलाच तेवढं उतरलेलं दिसलं पाहिजे. तसं दिसलं नाही तर पावती घेऊन शाखेत जा आणि दुरुस्तीचा अर्ज देऊन त्याची पोच घ्या.