लक्ष वेधून सुटका?

ऑडिटच्या पेपरात मताचे चार प्रकार विद्यार्थी तोंडपाठ लिहितो: अनमॉडिफाइड, क्वालिफाइड, ॲडव्हर्स, डिस्क्लेमर. अडतो तो उदाहरणात. समजा, एका कंपनीचा करपूर्व नफा दोन कोटी आहे. तिची ६० लाखांची येणी ज्या गिऱ्हाइकाकडे अडकली आहेत, ते दिवाळखोरीत निघालंय आणि वसुलीची आशा नाही. तरी कंपनीने बुडीत कर्जाची तरतूद केली नाही; टिपेत मात्र ‘वसुली होईल असा व्यवस्थापनाला विश्वास आहे’ असं लिहिलं. ऑडिटर काय म्हणणार?

अनेक उत्तरपत्रिकांत (आणि खरं सांगायचं तर काही खऱ्याखुऱ्या अहवालांतही) यावर ‘एम्फसिस ऑफ मॅटर’चा परिच्छेद सापडतो: अमुक टिपेकडे लक्ष वेधतो, आमचं मत बदललेलं नाही. हे साफ चूक आहे. जे हिशेबात बरोबर दाखवलंय, पण वाचकाच्या नजरेतून सुटू नये, तेवढ्यापुरताच एसए ७०६ मधला हा परिच्छेद असतो. इथे आकडाच चुकलाय. नफ्याच्या तीस टक्के रक्कम म्हणजे चूक मोठी आहे. पण ती येणी आणि नफा एवढ्यापुरतीच आहे, सगळ्या हिशेबात पसरलेली नाही. म्हणून एसए ७०५ प्रमाणे मत क्वालिफाइड: ‘एवढी बाब वगळता’ हिशेब खरं आणि वाजवी चित्र दाखवतात. अहवालात आधी हे मत येतं आणि लगेच खाली ‘बेसिस फॉर क्वालिफाइड ओपिनियन’. तिथे ‘तरतूद अपुरी आहे’ एवढ्यावर भागत नाही. येणी आणि करपूर्व नफा प्रत्येकी ६० लाखांनी फुगलेत, हे आकड्यानिशी लिहावं लागतं.

चूक सगळ्या हिशेबात पसरली, उदाहरणार्थ मोठी उपकंपनी एकत्रित हिशेबात घेतलीच नाही, तर मत ॲडव्हर्स. डिस्क्लेमरची गोष्ट वेगळी. तिथे चूक सापडलेली नसते, पुरावाच मिळालेला नसतो. वह्या जळाल्या म्हणा, किंवा दाखवल्याच नाहीत. न मिळालेल्या पुराव्याचा परिणाम एखाद्या बाबीपुरता असेल तर मात्र तिथेही क्वालिफाइडच.

मग एम्फसिसचा मोह का? कंपनी कायद्याच्या कलम १३४ नुसार क्वालिफिकेशन, ॲडव्हर्स शेरा किंवा डिस्क्लेमर आला की संचालक मंडळाला आपल्या अहवालात त्याचा खुलासा द्यावा लागतो. सूचिबद्ध कंपनीला तर क्वालिफिकेशनचा आकड्यांवरचा परिणामही शेअर बाजाराला कळवावा लागतो. एम्फसिसच्या वाट्याला यातलं काही येत नाही. तेव्हा ‘साहेब, लक्ष वेधा, पण क्वालिफाय करू नका’ ही विनवणी कानावर आली, की आधी टिपेतला आकडा तपासायचा.