विश्लेषण : मेट्रोचे दोन्ही फलाट सारखेच दिसतात, मग योग्य गाडी ओळखायची कशी?

धर्माबादच्या रेल्वे स्थानकावर गाडी ओळखणं सोपं असतं. गाडीला नाव असतं, नंबर असतो, वेळ ठरलेली असते. हैदराबादच्या मेट्रोत यातलं काहीच नसतं. दर काही मिनिटांनी एकाच रंगाच्या, एकसारख्या गाड्या दोन्ही बाजूंनी येत राहतात. उपचारासाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी हैदराबादला जाणाऱ्या नव्या प्रवाशाची गफलत होते ती इथेच. गाडीला नाव नसलं तरी दिशेला असतं, आणि ते म्हणजे त्या मार्गावरचं शेवटचं स्थानक.

फलाट सारखे का वाटतात?

हैदराबाद मेट्रो पुलावरून धावते. बहुतेक स्थानकांवर मधे दोन रूळ आणि दोन्ही कडांना एकेक फलाट अशी रचना आहे. आपल्याकडे गाड्या डाव्या रुळावरून धावतात. त्यामुळे अशा स्थानकात रुळांकडे तोंड करून कोणत्याही फलाटावर उभे राहा, तुमच्या पुढ्यातली गाडी उजवीकडून येते आणि डावीकडे जाते. समोरच्या फलाटावर जाऊन उभे राहिलात तरी तेच दिसेल. म्हणून ‘मागच्या वेळी गाडी डावीकडे गेली होती’ ही आठवण काही कामाची नाही. कागदावर दोन रेघा आणि दोन बाण काढून पाहा, लगेच पटेल.

सिकंदराबादहून ‘निम्स’ला जाताना

समजा, धर्माबादहून रेल्वेने सिकंदराबादला उतरलात आणि पंजागुट्ट्याच्या निम्स रुग्णालयात जायचं आहे. रेल्वे स्थानकाजवळचं निळ्या मार्गाचं मेट्रो स्थानक म्हणजे सिकंदराबाद ईस्ट. (सिकंदराबाद वेस्ट वेगळं, ते हिरव्या मार्गावर आहे.) निळ्या मार्गाचं एक टोक नागोल, दुसरं रायदुर्ग. पंजागुट्टा मात्र लाल मार्गावर आहे, म्हणून आधी अमीरपेटला जाऊन गाडी बदलावी लागते.

आता नकाशावर बोट ठेवा. सिकंदराबाद ईस्टवरून अमीरपेटकडे बोट सरकवा आणि तसंच पुढे टोकापर्यंत न्या. ते रायदुर्गला थांबेल. म्हणजे ‘रायदुर्ग’ लिहिलेल्या फलाटावर जायचं. तुम्हाला रायदुर्गला जायचंच नाही, तरीही पाटीवर शोधायचं ते हेच नाव. नवखे लोक पाटीवर अमीरपेट शोधत बसतात आणि चुकतात.

परेड ग्राउंडपासून मोजत गेलं की सहावं स्थानक अमीरपेट. तिथे लाल मार्गाचे फलाट वेगळ्या मजल्यावर आहेत आणि टोकांची नावंही बदलतात : मियापूर आणि एल. बी. नगर. पंजागुट्टा एल. बी. नगरच्या दिशेला, अगदी पुढचंच स्थानक.

चुकलो हे कसं कळेल?

गाडी सुटली की पुढच्या स्थानकाचं नाव ऐका. घोषणा तेलुगू, हिंदी आणि इंग्रजीत होते. धर्माबादकरांना तेलुगूचं वावडं नाहीच. सिकंदराबाद ईस्टनंतर ‘परेड ग्राउंड’ ऐकू आलं तर बरोबर, ‘मेट्टुगुडा’ आलं तर उलट दिशेला निघालात. अमीरपेटनंतर ‘एस. आर. नगर’ ऐकू आलं तरी तसंच. पुढच्या स्थानकावर उतरा, जिन्याने खाली या आणि पलीकडच्या फलाटावर चढा. रूळ ओलांडायचे नाहीत आणि बाहेर पडण्याच्या गेटमधूनही जायचं नाही. भाडं तुम्ही कुठे आत आलात आणि कुठे बाहेर पडलात यावर ठरतं, त्यामुळे एका स्थानकाच्या चुकीसाठी नवं तिकीट काढायची गरज पडत नाही.

टोकाचं नाव बदलतंही

इथे एक मेख आहे. हैदराबाद मेट्रो नोव्हेंबर २०१७मध्ये सुरू झाली तेव्हा रायदुर्गपर्यंत मार्गच नव्हता. अमीरपेटच्या पुढे हायटेक सिटीपर्यंत गाडी मार्च २०१९मध्ये गेली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात रायदुर्गला पोचली. पुण्यातही तेच झालं. पिंपरी-चिंचवडहून निघणारी गाडी मार्च २०२२मध्ये फुगेवाडीपर्यंत होती, ऑगस्ट २०२३मध्ये सिव्हिल कोर्टापर्यंत आणि सप्टेंबर २०२४पासून ती स्वारगेटला जाते. फुगेवाडीची पाटी शोधत आज कुणी पिंपरीत उभा राहिला तर त्याची फसगत ठरलेली. म्हणून नातेवाइकांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलेलं नाव किंवा व्हॉट्सअॅपवर फिरणारा जुना नकाशा यांच्यावर विसंबू नका. स्थानकातला नकाशा पाहा.

गर्दीच्या वेळी मेट्रो चालवणारे कधी कधी अर्ध्या मार्गापुरत्या गाड्याही सोडतात. तेव्हा पाटीवर मधल्याच एखाद्या स्थानकाचं नाव दिसतं. दिशा बरोबर असते, पण ते स्थानक तुमच्या स्थानकाच्या आधी येत असेल तर ती गाडी सोडा आणि त्याच फलाटावर पुढच्या गाडीची वाट पाहा.