नाव राखावे, वर्णन उलगडावे

तंजावर शहराचे मराठी भाषेशी जुने नाते आहे. १६७६ पासून १८५५ पर्यंत तेथे भोसले घराण्याचे राज्य होते. तेथील बृहदीश्वर मंदिराच्या आवारात दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळी, १८०३ मध्ये, कोरलेला मोठा मराठी शिलालेख आजही पाहावयास मिळतो. महाराष्ट्रातून दक्षिणेच्या यात्रेला निघालेली मंडळी म्हणूनच तंजावरला आवर्जून जातात. परंतु तेथील माहितीफलक आणि पर्यटन-नकाशे सामान्यतः तमिळ व इंग्रजी भाषांत असतात. मग मंडळींपैकी कोणीतरी नकाशाचे छायाचित्र काढतो आणि जाणत्या माणसाला त्यातील मजकूर मराठीत उतरवून देण्यास सांगतो. हे काम वाटते तितके सोपे नाही. त्यात एकाच ओळीतील काही शब्दांचा केवळ उच्चार आणावयाचा असतो, तर काहींचा अर्थ.

अशा नकाशाच्या कडेला एक सूची असते. नकाशावर क्रमांक आणि सूचीत त्या क्रमांकापुढे स्थळाचे नाव, अशी तिची मांडणी असते. या सूचीत दोन प्रकारचे शब्द शेजारी शेजारी बसलेले असतात. ‘शिवगंगा’ हे नाव आहे. ते कशाचे आहे हे सांगणारा पुढचा शब्द हे वर्णन आहे. नावाचे काम स्थळ ओळखून देणे, तर वर्णनाचे काम ते स्थळ काय आहे हे समजावणे. म्हणून नाव लिपी बदलून जसेच्या तसे आणावे आणि वर्णनाचे भाषांतर करावे, हाच न्याय योग्य होय.

यावर काहींचा आक्षेप असतो. मराठी वाचकासाठीच लिहावयाचे, तर नावेही मराठी का करू नयेत, असे ते विचारतात. बृहदीश्वर मंदिराला तंजावरचे लोक ‘पेरिय कोविल’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘मोठे देऊळ’. सूचीत नुसते ‘मोठे देऊळ’ लिहिले, तर वाचकाला अर्थ कळेल. पण तो रस्त्यात एखाद्या रिक्षावाल्याला ‘मोठे देऊळ कोठे?’ असे विचारील तेव्हा उत्तर मिळणार नाही. उलट ‘पेरिय कोविल’ हे दोन शब्द उच्चारताच त्याला वाट दाखविली जाईल. परक्या शहरात नाव हे वाटाड्याचे काम करते. त्याचे भाषांतर केले की तो वाटाड्या मुका होतो. अशा ठिकाणी ‘बृहदीश्वर मंदिर (स्थानिक नाव पेरिय कोविल, म्हणजे मोठे देऊळ)’ असे लिहावे. एक ओळ वाढते, पण ओळख आणि अर्थ दोन्ही हाती लागतात.

याच मंदिरात शिरताना बाहेरचे मराठाकालीन प्रवेशद्वार ओलांडल्यावर एकामागून एक दोन गोपुरे लागतात. त्यांतील पहिल्याचे नाव ‘केरळांतकन तिरुवासल’. चोळ सम्राट पहिला राजराज याने केरळच्या राजावर विजय मिळविला. त्याची आठवण सांगणारे हे बिरुद आहे. ‘तिरुवासल’ म्हणजे पवित्र द्वार. येथे ‘केरळांतकन’ हे नाव ठेवून ‘तिरुवासल’ या वर्णनाचा अर्थ द्यावा: ‘केरळांतकन तिरुवासल, म्हणजे केरळांतकन महाद्वार’. कोणी ‘केरळाचा अंत करणारे द्वार’ असे लिहिले, तर वाचक त्या द्वाराविषयी भलतीच कथा मनात रचून बसेल.

नाव उच्चारानुसार आणावयाचे, हे ठरले तरी अडचण संपत नाही. ते कोणत्या लिपीतून आणावे? बहुतेक जण रोमन अक्षरे पाहून लिहितात आणि तेथेच फसतात. महाराष्ट्रात ‘टी’ या रोमन अक्षरापुढे ‘एच’ आले की ‘थ’ वाचण्याची सवय असते. तमिळनाडूत मात्र ही जोडी साध्या ‘त’ साठी वापरतात, कारण एकटे ‘टी’ तेथे बहुधा ‘ट’ साठी राखलेले असते. त्यामुळे राजवाड्यातील ‘संगीत महाल’ मराठीत ‘संगीथा महाल’ होतो आणि गाण्याची जागा एखाद्या स्त्रीच्या नावाची वाटू लागते. शहराचे नावही ‘थंजावूर’ असे लिहिले जाते. वस्तुतः मराठीत ‘तंजावर’ हे रूप शतकानुशतके रूढ आहे. ज्या नावाचे मराठी रूप आधीच रुळलेले आहे, त्याचे नवे लिप्यंतर करू नये. ‘चोला’ न लिहिता ‘चोळ’ लिहावे, तेही याच कारणासाठी.

मग तमिळ अक्षरे पाहून लिहावे काय? तेथेही अक्षराला अक्षर लावून भागत नाही. तमिळ लिपीत त, थ, द आणि ध यांसाठी एकच अक्षर आहे. क, ख, ग आणि घ यांचेही तसेच. ‘शिवगंगा’ तमिळ लिपीत ज्या अक्षरांनी लिहितात, त्यांचे यांत्रिक लिप्यंतर केले तर ‘चिवकंकै’ असे काहीतरी हाती येईल. म्हणून लेखन पाहावे, स्थानिक माणसाचा उच्चार ऐकावा आणि शब्दाचे मूळ संस्कृत असेल तर तेही ध्यानात घ्यावे. या तिन्हींचा मेळ बसला की ‘शिवगंगा’ हेच रूप सिद्ध होते.

वर्णनाच्या बाबतीत चूक नेमकी उलट होते. तेथे भाषांतर करावयाचे, तर आळसाने उच्चारच ठेवला जातो. ‘ड्रिंकिंग वॉटर’ असे देवनागरीत लिहून तहानलेल्या आजीबाईंची सोय होत नाही; तेथे ‘पिण्याचे पाणी’ हवे. भाषांतर केले तरी ते जागा ओळखून करावे लागते. शिवगंगेपुढे इंग्रजीत ‘टँक’ हा शब्द येतो. शब्दकोशातील पहिला अर्थ उचलणारा तेथे ‘शिवगंगा टाकी’ असे लिहितो. परंतु भारतातील इंग्रजीत देवळाजवळचा ‘टँक’ म्हणजे तळे. तेव्हा ‘शिवगंगा तळे’ असेच लिहावयास हवे.

छायाचित्रावरून काम करताना आणखी एक पथ्य पाळावे. उन्हाच्या चकाकीने एखादे अक्षर पुसट दिसते, कडेची ओळ अर्धी कापली जाते. तेथे अंदाजाने नाव भरू नये. दुसरे छायाचित्र मागवावे किंवा ती जागा ‘अस्पष्ट’ अशी नोंदवून मोकळी सोडावी. सूचीचे क्रमांक मूळ क्रमानेच ठेवावेत. मराठी वर्णक्रमाने सूची नव्याने लावून क्रमांकही नवे दिले, तर छायाचित्रातील नकाशाशी तिचा संबंधच तुटतो.

काम पुरे झाल्यावर त्याची परीक्षा दोन माणसांकडून घेता येते. नावे तंजावरच्या रहिवाशाला वाचून दाखवावीत. त्याने ती ओळखली पाहिजेत. वर्णने तंजावर कधीही न पाहिलेल्या मराठी माणसाला वाचून दाखवावीत. त्याला ती समजली पाहिजेत. रहिवासी अडखळला तर नावात बिघाड आहे, आणि मराठी वाचक अडखळला तर वर्णनात. दोघांचेही समाधान होते तेव्हाच तो कागद यात्रेकरूच्या हाती द्यावा.