तीन दिवसांचा वायदा आणि जुम्म्याची सुट्टी

मुस्लिम कारागीर वायदा पाळत नाही, हा आरोप आम्ही बाजारात वारंवार ऐकतो. आमचे म्हणणे असे की बहुतेक वेळा कामात कसूर नसते, चूक दिवस मोजण्यात होते.

सन २०२५ ची ईद-ए-मिलाद आठवा. सरकारी सुट्टी शुक्रवार, ५ सप्टेंबरला होती. शनिवारी अनंत चतुर्दशी असल्याने मुंबई शहर व उपनगरापुरती ती सोमवार, ८ सप्टेंबरवर नेण्यात आली. बाकी जिल्ह्यांत ती ५ तारखेलाच राहिली. म्हणजे सण एक आणि सुट्ट्या दोन!

आता धरा, मालेगावच्या एका यंत्रमागवाल्याला गुरुवारी, ४ तारखेला सायंकाळी सहा वाजता मुंबईच्या व्यापाऱ्याचा फोन आला. माल तयार होता. त्याने बेधडक सांगितले, "तीन दिवसांत पोहोचेल." पण ट्रान्सपोर्टचे बुकिंग पाचलाच बंद झाले होते. शुक्रवारी जुम्म्याची नेहमीची सुट्टी, वर ईद. शनिवारी गाठ बांधून बिल्टी फाडली आणि रात्री गाडी निघाली. रविवारी मुंबईत गोदाम बंद आणि सोमवारी तिथली सुट्टी. माल हाती पडला तो मंगळवारी, ९ तारखेला. व्यापाऱ्याने शुक्र, शनि, रवि असे तीन दिवस मोजले होते. गाडी चालली एकच रात्र, पण वायदा दोन दिवसांनी मोडला.

यातला खरा घात बुकिंगच्या वेळेने केला. हाच फोन चारला आला असता आणि गाठ पाचच्या आत गोदामात पडली असती, तर माल शुक्रवारी सकाळी मुंबईत असता, कारण त्या दिवशी तिथे सुट्टी नव्हती. एका तासासाठी चार दिवस गेले.

पैशानेही हा घोळ वाढवला आहे. डिसेंबर २०१९ पासून बँकेचे एनईएफटी रात्रंदिवस, सुट्टीच्या दिवशीही चालते. गिऱ्हाईक रात्री पैसे पाठवतो आणि तेव्हापासून दिवस मोजू लागतो. पैशाला सुट्टी नाही, गाठीला मात्र आहे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की वायदा दिवसांत देऊ नका, तारखेत द्या. तारीख सांगण्यापूर्वी तीन ठिकाणच्या सुट्ट्या पाहा: आपल्या गावच्या, ट्रान्सपोर्टच्या आणि माल उतरणार त्या गावच्या. ईदची सुट्टी चंद्रदर्शनावर एक दिवस मागेपुढे होते, तेव्हा त्या आठवड्यात एक दिवस जास्त धरा. बुकिंगची वेळ बिलावरच छापा: "पाचनंतरची ऑर्डर पुढच्या कामाच्या दिवशी धरली जाईल. शुक्रवार बंद."

जुम्म्याची सुट्टी लपवण्याचे कारण नाही. मुंबईचा व्यापारी रविवारी दुकान बंद ठेवतो, तसा आपला शुक्रवार. पण ती माल अडकल्यावर सांगितली तर सबब ठरते, आणि ऑर्डर घेताना सांगितली तर हिशेब. गुरुवारी सायंकाळी "मंगळवारी मिळेल" म्हटले असते, तर तीच गाठ वेळेवर पोहोचली असती.